तांब्याच्या पोटातली खिडकी

वहिनींनी ग्रुपवर टाकलेल्या फोटोत तांब्या मधोमध होता, एवढंच त्या फोटोबद्दल चांगलं म्हणता येईल. तांब्याच्या पोटावर त्यांची निळी साडी उमटली होती, मोबाईल धरलेले दोन्ही हात उमटले होते आणि वरून ट्यूबलाइटची पांढरी रेघ आडवी गेली होती. खाली फुलाफुलांचं मेणकापड, मागे गॅसची शेगडी. हाताने घडवलेल्या भांड्याचं मोल ज्यावर ठरतं ते हातोडीचे ठोके मात्र कुठेच दिसत नव्हते. फोटोखाली पहिलाच प्रश्न आला, "वरून नुसता तांब्याचा रंग दिलाय का हो?"

यंदाच्या अंकाचा विषय घरून चालणारा धंदा. भांडवल, हिशेब, परवाने यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, तुम्ही मालाच्या फोटोंकडे बघा, असं संपादक म्हणाले. म्हणून पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीकडे वळले. पेशवाईपासून इथे तांब्यापितळेची भांडी घडतात. आळीत शिरलं की माणसं दिसायच्या आधी ठोके ऐकू येतात. वहिनींचे दीर इथे काम करतात आणि वहिनी जवळच्याच वाड्यातल्या दोन खोल्यांतून ती भांडी मोबाईलवर विकतात. आळीत सगळेच त्यांना वहिनी म्हणतात, मीही तेच म्हणू लागले.

सोबत एक छायाचित्रकार होते. भांड्यांच्या आणि दागिन्यांच्या दुकानांसाठी त्यांनी वर्षानुवर्षं कॅटलॉगचे फोटो काढले आहेत. आले ते मात्र रिकाम्या हातांनी. कॅमेरा नाही, दिवे नाहीत. "वहिनींचाच फोन वापरू," म्हणाले. "फोन चांगलाय. बिघडलंय ते खोलीत."

ठोका दिसतो तो कडेच्या उजेडाने

आधी मठारकाम समजून घ्यायला हवं. तांब्याचा पत्रा आकारात आला की तो लोखंडी आधारावर चढवून त्यावर गोल तोंडाच्या हातोडीने एकाला लागून एक ठोके देत जातात. हे नुसतं शोभेसाठी नसतं. तापवलेलं तांबं मऊ असतं, बोटानेही दबतं. ठोक्यांनी ते कडक होतं आणि पातळ पत्र्याचं भांडंसुद्धा चेपत नाही. ठोक्यांच्या रांगा सरळ असणं, प्रत्येक ठोका सारख्या आकाराचा असणं, ही कारागिराची सही. यंत्रावर दाबून काढलेल्या नक्षीच्या भांड्यापेक्षा हे भांडं महाग का, याचं उत्तर त्या रांगांमध्ये असतं. म्हणजे फोटोत त्या दिसल्याच पाहिजेत.

प्रत्येक ठोका म्हणजे अर्ध्या बोटाएवढा उथळ खळगा. उजेड समोरून आला, म्हणजे फोनच्याच दिशेने, तर खळग्याच्या सगळ्या बाजूंवर तो सारखाच पडतो आणि खळगा सपाट दिसतो. फ्लॅश मारला की आणखी वाईट. मधल्या दोन-चार ठोक्यांवर पांढरे डाग जळतात, बाकी भांडं काळं पडतं. उजेड कडेने आला की खळग्याची एक बाजू उजळते, दुसरी सावलीत जाते. तेव्हा डोळ्याला खोली कळते.

खडबडीत, चमक नसलेल्या कुठल्याही वस्तूला एवढं पुरतं. मातीचा दिवा, गोधडी, चकली यांना कडेचा उजेड दिला की निम्मं काम झालं. तांब्याचं तसं नाही. घासलेलं तांबं उजेड फार थोडा पसरवतं. बहुतेक सगळा परतवतं. कॅरमच्या कडेवर सोंगटी ज्या कोनाने आपटते त्याच कोनाने पलीकडे जाते, तसा हा उजेड वागतो. त्यामुळे चकचकीत भांड्याचा फोटो काढायचा म्हणजे भांड्यात काय दिसतंय त्याचा फोटो काढायचा. पोट फुगीर असल्यामुळे त्यात जवळजवळ अख्खी खोली दिसते. वहिनींच्या पहिल्या फोटोत खोली होती म्हणून फोटोही खोलीचाच आला.

खिडकी शोधताना

छायाचित्रकारांनी सगळ्यात आधी घरातले सगळे दिवे बंद करायला लावले. वहिनींना ते पटेना. अंधारात फोटो कसा येईल? पण एका दगडात इथे दोन पक्षी होते. दिवे आणि खिडकी यांचे उजेड वेगवेगळ्या रंगांचे असतात. बल्बचा पिवळा, ढगांतून किंवा आकाशातून येणारा निळसर. फोन एका वेळी एकाच रंगाचा हिशेब जुळवू शकतो, दुसरा डागासारखा उरतो. शिवाय आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची. काही दिवे तिच्या तालावर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि फोटोत आडवे पट्टे उठतात. दिवे बंद केल्याचा दुसरा फायदा तांब्यासाठी जास्त मोलाचा होता. फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागची खोली अंधारी झाली, की भांड्याच्या पोटात माणूस दिसेनासा होतो. तिथे फक्त गडद तपकिरी छटा उरते.

मग खिडकी. वहिनींच्या पुढच्या खोलीची खिडकी दक्षिणेला, बोळाकडे. दिवाळीच्या सुमाराला सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे तिथून थेट ऊन आत येत होतं. थेट उन्हात तांब्यावर एक जळजळीत ठिपका आणि बाकी काळोख, असं होतं. उत्तरेच्या खिडकीतून दिवसभर नुसता आकाशाचा उजेड येतो, म्हणून चित्रकारही ती पसंत करतात. आपल्याकडे मात्र त्याला एक अपवाद आहे. पुणे साडेअठरा अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. शून्य सावलीचा दिवस वर्षातून दोनदा येतो तो या काळाच्या दोन टोकांना. त्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीतही कवडसा येऊ शकतो.

मागच्या खोलीला उत्तरेची खिडकी होती, पण समोर हाताच्या अंतरावर शेजारच्या घराची गुलाबी भिंत. छायाचित्रकारांनी पांढरा कागद त्या खिडकीत धरून दाखवला. कागद चक्क गुलाबी दिसत होता. पेठांमधल्या घरांची ही खरी अडचण आहे आणि पुस्तकी सल्ल्यात ती येत नाही. आकाश दिसत नसेल, तर खिडकीतून येतो तो समोरच्या भिंतीचा रंग. खिडकी निवडताना तिच्यापाशी उभं राहून वर बघावं. आकाशाचा मोठा तुकडा दिसला तर ती कामाची.

शेवटी दक्षिणेचीच खिडकी घेतली आणि ऊन गाळलं. स्वयंपाकघरातला बटर पेपर, तीन पट्ट्या एकमेकींना चिकटवून, गजांवर ताणून लावला. चौकट भरून कागद उजळला. आता उजेड सूर्याच्या ठिपक्यातून न येता तीन फूट रुंद कागदातून येत होता. उजेड देणारी जागा वस्तूच्या मानाने जितकी मोठी, तितक्या सावल्यांच्या कडा मऊ. म्हणूनच टेबल खिडकीपासून लांब नेलं की उजेड नुसता कमी होत नाही, कडकही होतो. खिडकीला अगदी चिकटवलं तर भांड्याची जवळची बाजू भगभगते आणि पलीकडची बुडते. साधारण दोन फुटांवर दोन्ही गोष्टी जमल्या.

आणखी एक गोष्ट कागदाने साधली, आणि ती मला सगळ्यात आवडली. आधी तांब्याच्या पोटात खिडकी गजांसकट दिसत होती. कागद लावल्यावर गज गेले आणि त्या जागी पोटावर डावीकडे एक उभा, उजळ, मऊ कडांचा पट्टा आला. तो पट्टा जिथे संपून तांबं गडद होत जातं, नेमक्या त्या सीमेवर ठोक्यांच्या रांगा उठून दिसू लागल्या.

खाली काय, मागे काय

स्टेशनरीच्या दुकानातून पांढरा कार्डशीट आणला होता. त्याचं वरचं टोक भिंतीला चिकटवून खालचं टेबलावर सोडलं, मध्ये घडी न घालता वळण ठेवलं. घडी पडली की मागे आडवी रेघ येते आणि भिंत कुठे संपते, टेबल कुठे सुरू होतं ते कळतं. कागद बिनचमकीचा हवा. चकचकीत कागदावर खिडकीची छाप पडते.

पांढऱ्यावर तांब्या स्वच्छ दिसला, पण त्याच्या कडा विरघळल्यासारख्या झाल्या. कारण पुन्हा तेच. गोल भांड्याच्या कडेला आपली नजर जवळजवळ घसटून जाते, म्हणून तिथे भांड्याच्या मागचं आणि बाजूचं प्रतिबिंब दिसतं. मागे पांढरं, तर कड पांढरी. पांढऱ्यावर पांढरी कड कशी दिसणार? छायाचित्रकारांनी वहीच्या आकाराच्या काळ्या कागदाच्या दोन पट्ट्या कापल्या आणि तांब्याच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे, चौकटीच्या जेमतेम बाहेर उभ्या केल्या. पेन्सिलीने काढावी तशी तांब्याच्या दोन्ही अंगांना गडद रेघ आली. भांड्याला गोलाई आली. वहिनी एकदम म्हणाल्या, "आता जड वाटतोय बघा!" खरंच, फोटोतल्या भांड्याचं वजन त्या दोन काळ्या पट्ट्यांनी वाढवलं होतं.

उजवी बाजू फार बुडत होती. तिथे मिठाईच्या खोक्याचं झाकण पांढरा कागद लावून उभं केलं. ते जवळ आणलं की सावली उजळते, लांब नेलं की गडद होते. इथे लोकांचा हात फार सढळ होतो. दोन्हीकडून सारखा उजेड आला की ठोके पुन्हा सपाट. झाकण एका वितीच्या आत आणू नये, असं वहिनींनी स्वतःच्या डोळ्यांनी ठरवलं.

मला पांढऱ्यापेक्षा दुसरी एक पार्श्वभूमी आवडली. अंगणात शहाबादी फरशीचा एक जुना, न घासलेला तुकडा पडला होता. त्याचा निळसर राखाडी रंग तांब्याच्या लालसर केशरीला इतका जुळून येतो, की तांबं तापल्यासारखं दिसतं. ओट्याचा कडप्पा त्यामानाने वाईट. तो गुळगुळीत असल्यामुळे त्यात भांडं उलटं दिसतं आणि हाताचे डागही. जे खाली ठेवतो ते भांड्याच्या खालच्या अर्ध्यातही उमटतं, हे विसरू नये. फुलाफुलांचं मेणकापड पहिल्या फोटोत दोनदा दिसत होतं, एकदा तांब्याखाली आणि एकदा तांब्यात.

अर्थात सगळीकडे शहाबादी चालत नाही. अ‍ॅमेझॉनसारख्या ठिकाणी मुख्य फोटोला शुद्ध पांढरीच पार्श्वभूमी लागते आणि वस्तूने चौकटीचा पंच्याऐंशी टक्के भाग व्यापावा लागतो. त्यासाठी एक पांढरा फोटो काढून ठेवावा. ओळखीच्या गिऱ्हाइकांसाठी, ग्रुपवर आणि दिवाळीच्या यादीत मात्र फरशीचा घालावा, असं माझं मत.

फोनला काय कळत नाही

पांढऱ्या कागदावरचा पहिला फोटो मळकट राखाडी आला. वहिनींनी कागदाला दोष दिला. दोष फोनच्या समजुतीचा होता. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम राखाडी उजळपणाचं असावं असं धरून फोन उजेड मोजतो. सगळीकडे पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड फार आहे, आणि तो फोटो काळवंडवतो. स्क्रीनवर तांब्यावर बोट टेकवलं की बाजूला छोटा सूर्य दिसतो. तो वर सरकवायचा. किती? कागद पांढरा वाटेपर्यंत, पण पोटावरच्या उजळ पट्ट्यातले ठोके पुसले जाण्याआधी थांबायचं. एकदा जळलेला भाग नंतर कुठल्याही अ‍ॅपने परत येत नाही. बोट जरा वेळ दाबून धरलं की बऱ्याच फोनांत ते माप तिथेच अडकून राहतं, आयफोनवर त्याला AE/AF LOCK अशी अक्षरं येतात. मग दहा भांडी एकामागून एक ठेवली तरी सगळ्यांचा उजळपणा सारखा राहतो आणि यादी एका घरची वाटते. गंमत म्हणजे शहाबादीवर हा सूर्य फारसा हलवावाच लागला नाही. ती मुळातच राखाडी असल्याने फोनचा अंदाज बरोबर येतो.

रंगाचंही असंच. चौकटभर तांबंच असेल तर फोनला वाटतं की उजेडच केशरी आहे, आणि तो उजेड सुधारायला म्हणून निळसरपणा मिसळतो. तांबं फिकट, मळकट दिसतं. चौकटीत थोडा पांढरा कागद किंवा राखाडी फरशी राहू दिली की फोनला आधार मिळतो.

आकाराची गोष्ट वहिनींच्या दिरांनी काढली. ते ठोके थांबवून पाहायला आले होते. "तोंड एवढं मोठं नाहीये याचं," ते म्हणाले. बरोबर होतं. फोनचं मुख्य भिंग बरंच रुंद बघणारं असतं. वस्तूच्या फार जवळ गेलं की जवळचा भाग फुगतो. वरून वाकून काढलं तर तांब्याचं तोंड परातीएवढं आणि बूड लिंबाएवढं. उपाय साधा आहे. तीन-चार फूट मागे जायचं, फोनमध्ये 2x असेल तर ते दाबायचं, नसेल तर फोटो नंतर कापायचा. फोन भांड्याच्या पोटाच्या उंचीवर, उभा सरळ धरायचा. टेबल बुटकं असेल तर फोन उलटा केला की भिंग खाली येतं. मागे सरकल्याने पोटातलं आपलं प्रतिबिंबही लहान होतं. पोर्ट्रेट मोड मात्र बंदच ठेवावा. तो कडा ओळखून मागचं धूसर करतो, आणि चकचकीत कड किंवा झारीची नळी त्याला ओळखू येत नाही. नळी अर्धवट खाल्लेली निघते.

फोन पुस्तकांच्या ढिगाला टेकवून, तीन सेकंदांच्या टायमरवर फोटो काढले. खिडकीचा उजेड आपल्याला भरपूर वाटतो, फोनला तो कमीच असतो. हात हलला की ठोके पुसट होतात. आणि त्याआधी भिंग सुती कापडाने पुसलं. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या फोनच्या भिंगावर तेलाचा पापुद्रा असतोच. उजळ जागेभोवती धुकं दिसलं तर दोष बहुतेक वेळा तिथेच असतो.

घासल्यापासूनचा वेळ

तांब्याला आणखी एक नखरा आहे. चिंच-मिठाने घासलं की ते गुलाबीसर निघतं, पण पाण्याचा एक थेंब जरी सुकला तरी तिथे डाग, आणि बोट लागलं की काही तासांत ठसा काळा. म्हणून क्रम असा ठरला: आधी खिडकी, कागद, पट्ट्या, फोन सगळं मांडायचं आणि त्या जागी दुसरंच एखादं भांडं ठेवून चाचणीचे फोटो काढायचे. मग विकायचं भांडं घासायचं, धुऊन लगेच कोरडं पुसायचं, आणि तिथून पुढे फडक्यानेच धरायचं. पावसाळी हवेत त्याची चमक दुसऱ्या दिवशी उतरायला लागते.

एका भांड्याचे किती फोटो लागतात, यावर वाड्यात चांगलीच चर्चा झाली. शेवटी वहिनींनी चार ठरवले. पहिला समोरून, पूर्ण भांडं. दुसरा ठोक्यांचा, जवळून, पण भिंग जवळ न नेता लांबून काढून कापलेला. तिसरा वरून तोंडाच्या आतला, कारण पातेल्याला आतून कल्हई आहे का हे गिऱ्हाईक हमखास विचारतं. कल्हईच्या चंदेरी आतल्या भागात छत उमटतं, म्हणून त्या वेळी वर पांढरी चादर धरावी लागली. दोन पुतण्यांनी ती खुर्च्यांवर उभं राहून धरली. चौथा फोटो हातात धरलेल्या भांड्याचा. कितीही मापं लिहिली तरी दीड लिटरचा तांब्या केवढा, हे माणसाच्या पंजाशेजारीच कळतं.

रंगाबद्दल एक वाद राहिला. वहिनींच्या भाचीने अ‍ॅपमध्ये केशरीपणा वाढवून एक फोटो तयार केला. सुंदर होता, पण तांब्याचा नव्हता. दिरांनी भांडं फोनशेजारी खिडकीत धरलं आणि दोन्ही रंग जुळेपर्यंत ती केशरी घुंडी मागे घ्यायला लावली. तपासायची ही पद्धत मला कुठल्याही नियमापेक्षा बरी वाटली: वस्तू आणि स्क्रीन शेजारी, त्याच खिडकीच्या उजेडात, स्क्रीनचा रात्रीचा पिवळा मोड बंद करून. कापड, खणाच्या पिशव्या, साड्या विकणाऱ्यांनी तर ही तपासणी टाळूच नये. रंगावरूनही माल परत येतो.

वहिनींनी मग यादीत एक पाचवा फोटोही घातला. घरात रोज वापरात असलेला, काळसर तपकिरी झालेला तांब्या, तीच फरशी, तीच खिडकी. खाली ओळ लिहिली: "वरचा फोटो घासल्या दिवशीचा. वापरात तांबं असं होतं, चिंच-मिठाने पुन्हा उजळतं." रंग दिलाय का, असं ग्रुपवर त्यानंतर कोणी विचारलेलं नाही. आता विचारतात ते किती लिटरचा आणि दिवाळीआधी मिळेल का.